वाढदिवसाला मीच राबते, तो नाही : किमतीचा विषय न होऊ देता हे सांगायचं कसं

प्रश्न : लग्नाला सहा वर्षं झाली. नवऱ्याच्या वाढदिवसाला मी पंधरा दिवस आधीपासून तयारीला लागते, त्याच्या मित्रांना बोलावते, त्याला आवडतं ते सगळं घरी करते. माझ्या वाढदिवसाला तो रात्री नऊला घरी येताना वाटेत कुंद्याचा डबा घेऊन येतो, ते पण त्याच्या बहिणीनं ठेवलेलं स्टेटस बघून आठवतं म्हणून. लग्नाच्या वाढदिवसाचंही तेच. बोलायला गेले की म्हणतो, 'तुला काय महागाचं पाहिजे काय?' मला महाग काही नकोय हो. पण वाईट वाटतं ते सांगू कसं? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर :

'महागाचं पाहिजे काय' हे तो टोमणा म्हणून बोलत असेल असं तुम्हाला वाटत असणार, पण माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या नवऱ्यांचं ऐकून सांगते, बहुतेकांना खरंच तसं वाटत असतं. त्याच्या बाजूने बघा, त्याने डबा आणला, तुमचं तोंड पडलं, मग त्याच्या डोक्यात एकच हिशोब होतो की डबा कमी पडला, म्हणजे काहीतरी मोठं आणायला पाहिजे होतं. डबा त्याच्या हातात होता, डोळ्यांना दिसत होता. डब्याच्या आधीचे पंधरा दिवस जे रिकामे गेले ते त्याला दिसतच नाहीत, कारण न केलेली गोष्ट करणाऱ्याला दिसत नसते.

देणाऱ्यांचा हा गैरसमज संशोधनातही सापडलाय. २००९ साली फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स या दोघांनी साखरपुड्याच्या अंगठ्यांबद्दल विचारलं होतं, अंगठी देणाऱ्या पुरुषांना आणि मिळालेल्या बायकांना. देणाऱ्यांना वाटत होतं जितकी महाग तितकी ती खूश, आणि मिळालेल्यांच्या उत्तरात खूश असण्याचा आणि किमतीचा काही संबंधच लागला नाही. म्हणजे तुमचा नवरा काही वेगळा माणूस नाही, देणारा माणूस साधारण असाच विचार करतो, आणि तुम्ही 'मला किंमत नकोय' एवढंच म्हणून थांबलात तर त्याच्या हातात काहीच उरत नाही. किंमत नको तर मग काय पाहिजे, ते त्याला दाखवता येईल असं बोलावं लागतं. सगळं काम तिथं आहे.

पण त्याच्याशी बोलायच्या आधी एक गोष्ट स्वतःशी नक्की करा. एखाद्या दुपारी घर शांत असताना मागचा वाढदिवस डोळ्यांसमोर आणा आणि डबा तोच ठेवा, त्याच दुकानातला, तेवढाच पाव किलोचा, फक्त बाकीचं बदलून बघा. समजा चार दिवस आधी त्याने विचारलं असतं की त्या दिवशी तुला काय करावंसं वाटतं. समजा सकाळी उठल्यावर पहिल्यांदा त्यानेच तुम्हाला शुभेच्छा दिल्या असत्या, बहिणीच्या स्टेटसआधी. समजा तो नऊऐवजी सातला आला असता आणि डबा टेबलावर ठेवून टीव्ही न लावता तुमच्याजवळ बसला असता. यातल्या कुठल्या बदलाने तुमचं दुखणं कमी झालं असतं ते बघा, कारण प्रत्येक बाईचं उत्तर वेगळं येतं. कुणाला लक्षात ठेवणं महत्त्वाचं वाटतं, कुणाला आधी विचारणं, कुणाला वेळ देणं, आणि कितीतरी जणींना फक्त चार शब्द हवे असतात जे नवऱ्याने सासूसमोर न लाजता म्हणावेत. तुमचं जे असेल ते एका ओळीत लिहून काढा आणि त्या ओळीत वस्तूचं नाव आणि रुपये येऊ देऊ नका.

आणि समजा असं दिसलं की काहीही बदललं तरी पाव किलो कुंदा बघून राग येतोच, कारण त्याच महिन्यात त्याने मित्राच्या गाडीच्या पार्टीला चार हजार घातलेत, तर मग तुमचा विषय थोडाफार पैशाचाही आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण मग ते प्रामाणिकपणे वेगळं बोला, की घरातला पैसा कुठे जातो याबद्दल मला बोलायचंय. 'मला किंमत नकोय' म्हणायचं आणि मनात पार्टीचे चार हजार धरून बसायचं, हे समोरच्याला कळतं, आणि मग तो तुमच्या दुसऱ्या बोलण्यावरही विश्वास ठेवत नाही.

अजून एक अवघड गोष्ट, जी ऐकायला बऱ्याच जणींना आवडत नाही. आपण केलेलं आपल्याला जास्त दिसतं. १९७९ साली रॉस आणि सिकोली यांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं की घरातल्या अमुक कामाची जबाबदारी तुमच्याकडे किती, आणि दोघांचे आकडे एकत्र केले तर बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. खोटं कुणीच बोलत नव्हतं, स्वतः केलेलं पटकन आठवतं एवढंच. त्यामुळे 'तू काहीच करत नाहीस' हे वाक्य तोंडात यायच्या आधी दोन गोष्टी त्याला विचारून घ्या. एक, 'तुझ्या मते तू माझ्यासाठी त्या दिवशी काय काय करतोस?' आणि दुसरं, 'मी तुझ्या वाढदिवसाला करते त्यातलं तुला खरंच काय आवडतं?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी धक्का देतं. नवरा म्हणतो, मला त्या वीस लोकांत अवघडल्यासारखं होतं, तू खुश असतेस म्हणून मी गप्प बसतो. तसं निघालं तर तुमचे पंधरा दिवसांचे कष्ट खोटे ठरत नाहीत, पण 'मी एवढं करते' हा तुमचा मोठा मुद्दा मात्र बोलण्यात वापरता येत नाही. तसाही वापरू नये, पुढे सांगते का ते.

आता एका जोडीचं सांगते, ओळख लागू नये म्हणून तपशील इकडचे तिकडे केलेत आणि दोन-तीन घरांचं मिळून एक केलंय. वडगावातलं घर, तो उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये, कधी फर्स्ट शिफ्ट कधी सेकंड, ती एका पतसंस्थेत. त्याच्या वाढदिवसाला तिने दरवर्षी घरी मटण-भाकरी करायची, त्याच्या शॉपमधल्या मित्रांना बोलवायचं, हे ठरलेलं. तिच्या वाढदिवसाला त्याने सकाळी दोन हजार रुपये हातात दिले आणि म्हणाला, 'तुला पाहिजे ते घे, मला त्यातलं काय कळत नाही.' त्याच्या मते हे मोकळेपणाने देणं होतं, आपली आवड तिच्यावर लादली नाही. तिच्या मते त्याने एक मिनिटसुद्धा आपला विचार केला नाही. त्याच रात्री ती बोलली, रडत, आणि वाक्य आलं ते असं : 'मी तुझ्यासाठी राबते आणि तू दोन हजार टाकून मोकळा होतोस.' त्याने त्यातलं काय उचललं तर दोन हजार. तीन महिन्यांनी लग्नाच्या वाढदिवसाला त्याने सोन्याचे टॉप्स आणले, हप्त्यावर. ती अजूनच रडली, आणि आता तो रागावला, आणि वर हप्ते भरायचे ते वेगळेच. माझ्याकडे दोघं आले तेव्हा तो पहिलं वाक्य हेच बोलला, 'मॅडम, सोनं आणलो तरी बोलणी खायलोय मी.'

काय चुकलं ते बघू. वेळ पहिली. ज्या दिवशी लागतं त्याच दिवशी बोललं की दोघंही दिवसभर थकलेले असतात, आणि त्याच्यासाठी त्या तारखेला 'भांडणाचा दिवस' असं नाव पडतं, मग पुढच्या वर्षी तो त्या तारखेकडे उत्साहाने बघणार कसा. बोलायचं ते दिवस उलटल्यावर आठ-पंधरा दिवसांनी, आणि पुढची तारीख अजून लांब असताना. तारीख आठवड्यावर आली असताना बोललं तर ते मागणीसारखं ऐकू येतं आणि तो घाईत काहीतरी उचलून आणतो.

जागाही बघा. आपल्याकडे घरात सासू-सासरे असतात, पोरं असतात, खोलीचं दार लावलं तरी 'काय चाललंय' म्हणून कान असतात, आणि आईच्या कानावर जाईल या भीतीने नवरा आधीच कडक होतो. बाहेर चालत जा, किल्ला तलावाला एक चक्कर मारा, नाहीतर रविवारी सकाळी राजहंसगडावर जा. शेजारी शेजारी चालताना बऱ्याच पुरुषांना बोलायला सोपं जातं, समोरासमोर बसवलं की त्यांना तोफेच्या तोंडी दिल्यासारखं वाटतं. फक्त चालत्या गाडीवर मागे बसून बोलू नका, ऐकू येत नाही आणि आवाज चढवावा लागतो, आवाज चढला की सूरही चढतो.

मग सुरुवात. १९९९ साली कॅरेरे आणि गॉटमन यांनी नवीन लग्न झालेल्या १२४ जोडप्यांची वादाच्या विषयावरची पंधरा-पंधरा मिनिटांची बोलणी तपासली होती, आणि त्यातल्या पहिल्या तीन मिनिटांवरूनच पुढच्या सहा वर्षांत कोण वेगळं होणार याचा बराच अंदाज लागत होता. एका बोलण्यावर कुणाचा संसार ठरत नाही, तेवढं मनावर घेऊ नका, पण सुरुवात आरोपाने झाली की शेवट गोड करणं फार कठीण जातं हे मी माझ्या खोलीत रोज बघते. म्हणून पहिली दोन-तीन वाक्यं घरूनच ठरवून जा, बाकीचं तिथं सुचेल.

त्या वडगावच्या बाईने शेवटी जे म्हटलं ते साधारण असं होतं, ती नवऱ्याला अरे-तुरे करते, तुम्ही अहो म्हणत असाल तर तसं बदलून घ्या :

'मला एक सांगायचंय, आणि हे पैशाचं नाही. माझ्या वाढदिवसाच्या सकाळी तू पैसे दिलास तेव्हा मला एकटं वाटलं. मला वाटलं, माझ्यासाठी काय करावं याचा विचार तू केलाच नाहीस. दोनशे दिले असतेस किंवा वीस हजार दिले असतेस, तरी मला तसंच वाटलं असतं. तू आधी थोडा वेळ माझा विचार केलास, हे मला त्या दिवशी दिसायला पाहिजे.'

यात काय आहे आणि काय नाही ते नीट बघा. एकच प्रसंग आहे, मागच्या सहा वर्षांची यादी नाही. 'नेहमी' आणि 'कधीच' नाही, कारण तो शब्द आला की समोरचा पुरावे शोधायला लागतो, त्या वर्षी नेलो नव्हतो का गोव्याला. आपलं काय झालं ते आहे, तो कसा आहे ते नाही. 'तू बेफिकीर आहेस' यावर तो वाद घालू शकतो, 'मला एकटं वाटलं' यावर कोण काय वाद घालणार. दोनशे आणि वीस हजार हे वाक्य तिने मुद्दाम घातलं, किमतीचं दार तिथंच बंद करायला, आणि माझ्या मते तुमच्यासाठी तेच सगळ्यात कामाचं वाक्य आहे. तुमच्या बाबतीत ते असं होईल : 'कुंदा मला आवडतोच, त्या डब्याबद्दल माझी काही तक्रार नाही. वाईट याचं वाटलं की ताईचं स्टेटस बघेपर्यंत तुमच्या मनात मी नव्हते.'

आणि 'मी तुझ्यासाठी एवढं करते' हे यात कुठेच नाही. ते खरं असलं तरी सुरुवातीला आणू नका. तुम्ही प्रेमाने केलेलं ते एकदम बिलासारखं समोर जातं, आणि त्याला वाटतं अरे म्हणजे ते सगळं परतफेडीसाठी होतं. मग तो म्हणतो, 'मी सांगितलो होतो काय करायला?' आणि तुम्ही दोघंही त्या वाक्यावर अडकता. असमानता सांगायचीच असेल, आणि तुमच्या मनात ती आहे, तर नंतर, तो थोडा ऐकायला लागल्यावर, अशी सांगा की 'तुझ्या दिवसाची तयारी करताना मला मजा येते, मी थांबवणार नाही. पण माझा दिवस आला की असं वाटतं की त्या घरात आपल्यासाठी कुणी नाहीये.' मात्र 'थांबवणार नाही' हे खरं असेल तरच म्हणा. दमला असाल तर 'यावर्षीपासून मी थोडं कमी करणार आहे' असं सरळ सांगून कमी करा. न सांगता कमी करून तो कधी ओळखतो याची वाट बघत बसणं, हे मी पुष्कळ घरांत बघितलंय, तो ओळखत नाही, आणि तुमच्याकडे एक जास्तीचा घाव जमा होतो.

आता तो काय म्हणेल. चार उत्तरं आपल्याकडे फार येतात.

'आमच्यात असलं काय करत नव्हते.' हे बऱ्याचदा खरं असतं. खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या कितीतरी शेतकरी घरांत मोठ्या माणसांचा वाढदिवस म्हणजे काही नसायचंच, लहान पोराला ओवाळलं की झालं. आईचा वाढदिवस कधी असतो हेसुद्धा ज्याला माहीत नाही त्याला बायकोच्या वाढदिवसाचं काय करायचं हे कोण शिकवणार. तेव्हा यावर 'आता जमाना बदलला' असं म्हणू नका. म्हणा, 'हो, मला माहितेय, म्हणून तर सांगायलेय. आमच्या घरी बाबा त्या दिवशी सकाळी उठवून आधी देवासमोर न्यायचे, त्यामुळे मला तो दिवस मोठा वाटतो.' तुमच्या लहानपणची एखादी खरी गोष्ट सांगा. हा दिवस तुम्हाला एवढा का लागतो हे त्याला बहुतेक माहीतच नसतं.

'सांगितली असतीस तर आणलो असतो की.' यावर बायका चिडतात, सांगून मिळालं तर त्यात काय अर्थ. मला ही समजूत जराशी सैल करावीशी वाटते. वर ज्या फ्लिनचं नाव घेतलं त्यांनी आणि फ्रान्सेस्का जीनो यांनी २०११ मध्ये दाखवलं की घेणाऱ्यांना आपण मागितलेली भेट न मागितलेल्या भेटीपेक्षा जास्त विचारपूर्वक दिलेली वाटते, आणि देणारे मात्र उलटंच धरून चालतात. तेव्हा सांगण्यात कमीपणा नाही. पण काय सांगायचं आणि काय त्याच्यावर ठेवायचं याची वाटणी करा. काय आवडतं ते तुम्ही सांगा, वर्षातून एकदा, मोकळेपणाने. तारीख लक्षात ठेवणं, त्यातलं काय करायचं ते निवडणं, आणि त्या दिवशी ते घडवून आणणं हे त्याचं. आठवण पण तुम्हीच करून द्यायची, दुकान पण तुम्हीच सांगायचं, तो फक्त पैसे देणार, असं झालं तर तुमच्या डोक्यावरचं ओझं तेवढंच राहतं आणि वाटत राहतं की काहीच बदललं नाही.

'माझ्या लक्षात राहत नाही.' ठीक आहे, मग मोबाईल आहे. पण त्याच दिवशी सकाळची आठवण लावून उपयोग नाही, तुम्हाला जे पाहिजे ते त्या दिवशी सुरू करून होत नाही. दहा दिवस आधीची एक आणि तीन दिवस आधीची एक, अशा दोन आठवणी त्याने स्वतः, तुमच्यासमोर, त्याच चालण्यात लावाव्यात, दरवर्षी येतील अशा. दहा दिवस आधीची आठवण आली की ठरवायचं, तीन दिवस आधीची आली की सुट्टी, शिफ्ट, ऑर्डर जे काय असेल ते पक्कं करायचं. हे इतकं साधं आहे की सांगतानाही अवघडायला होतं, पण 'पुढच्या वेळी लक्ष देतो' या वचनापेक्षा ह्या दोन आठवणींनी जास्त घरांत काम केलंय.

आणि चौथं, 'बरं, काय पाहिजे ते सांग, किती लागतील?' म्हणजे परत किंमत. चिडू नका, तो जुन्या वाटेवर गेला एवढंच. हसून म्हणा, 'शून्य रुपये. सकाळचा चहा तू कर आणि अर्धा तास माझ्याबरोबर बस, फोन आत ठेवून.' मागणी अशी असावी की तिचं चित्र डोळ्यांसमोर येईल, त्याच्या शिफ्टमध्ये बसेल, आणि केली की नाही हे दोघांनाही कळेल. 'जरा महत्त्व दे' ही मागणी नाही, कारण महत्त्व दिलं की नाही यावर दोघांची दोन मतं होऊ शकतात. आणि एकच मागा. पहिल्या वर्षी पाच गोष्टी मागितल्या तर तो एक विसरणार आणि तुमचं लक्ष त्या एकावरच जाणार.

वडगावच्या त्या जोडीत पुढे काय झालं. तो म्हणाला, मला गोष्ट निवडता येत नाही, दुकानात गेलो की डोकं बंद पडतं. तिने सांगितलं, मला दुकानातलं काही नकोय, मला तुझ्याबरोबर दुपार पाहिजे, सेकंड शिफ्ट असली की आपण आठवडाभर नीट भेटतच नाही. पुढच्या वाढदिवसाला त्याने आठ दिवस आधी शॉपमधल्या एकाशी शिफ्ट बदलून घेतली, तिला एवढंच सांगितलं की हाफ-डे टाक, आणि दोघं गाडीवरून गेले राजहंसगडावर. त्याने भेळ बांधून घेतली होती आणि पाणी विसरला होता. ऊन होतं, तिला तहान लागली, आणि ती मला म्हणाली की 'पाणी नाही आणलंस?' हे अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं. बरं केलं. पहिल्यांदा करणारा माणूस कच्चंच करणार, आणि त्याच दिवशी तुम्ही त्यात सुधारणा सांगितलीत तर त्याला वाटतं काहीही केलं तरी कमीच. काय आवडलं तेवढं त्या दिवशी सांगा, आणि नेमकं सांगा : 'तू आधीच शिफ्ट बदलून घेतलीस ते मला फार आवडलं.' 'छान झालं' म्हटलं तर त्याला कळत नाही की भेळ आवडली का गड. पाण्याचं पुढच्या वेळी तुम्हीच बाटली घ्या, त्यात काही बिघडत नाही.

त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मात्र परत घोळ झाला. जूनचा शेवट, पाऊस, मुलाच्या शाळेची गडबड, आणि त्याने काहीच केलं नाही. इथं एक गोष्ट लक्षात आली जी मी आता प्रत्येक जोडीला आधीच विचारते : लग्नाचा वाढदिवस नक्की कुणी करायचा? वाढदिवस एकाचा असतो, दुसऱ्याने करायचा, सोपं आहे. लग्नाचा वाढदिवस दोघांचा, तो धरून चालला होता की हे दोघं मिळून ठरवू, ती धरून चालली होती की नवऱ्याने करायचं असतं, आणि दोघंही एकमेकांची वाट बघत बसले. त्यांनी मग वर्षं वाटून घेतली, एक वर्ष तिचं एक वर्ष त्याचं, ज्याचं वर्ष त्याने ठरवायचं आणि दुसऱ्याने नुसतं तयार होऊन यायचं. तुमच्यात हे कधी बोललं गेलंय का ते बघा, 'लग्नाच्या वाढदिवसाचंही तेच' असं तुम्ही लिहिलंय, पण कदाचित ते तेच नसेल.

तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं की नाही हे कसं ओळखायचं तेही सांगते. पुढच्या तारखेला वस्तू मोठी झाली, पण आली आयत्या वेळी, तर त्याने अजून किंमतच ऐकलीय. अशा वेळी वस्तू परत करू नका आणि नाक मुरडू नका, तो प्रयत्नच करतोय, चुकीच्या दिशेने. घ्या, वापरा, आणि दहा-बारा दिवसांनी एकदा म्हणा की हे मला आवडलं, पण पुढच्या वेळी एवढं खर्च नको करूस, त्यापेक्षा चार दिवस आधी मला विचार. वस्तू छोटी असली, विचित्र असली, पण त्यामागे आधीचं काहीतरी दिसलं, तुम्ही महिन्यापूर्वी सहज बोललेलं त्याला आठवलं, कुणाला तरी विचारून आला, वेळ काढून ठेवला, तर पोचलंय. मग ती साडी तुमच्या रंगाची नसली तरी चालेल.

आणि काही पोचलंच नाही तर? एकदा विसरला तर परत एकदा बोला, त्याच पद्धतीने, लहान. दुसऱ्यांदाही शांतपणे बोलूनसुद्धा तो चेष्टा करत असेल, 'आली परत हिची वाढदिवसाची रडगाणी' असं चार लोकांत म्हणत असेल, किंवा बोललात म्हणून आठवडाभर अबोला धरत असेल, तर विषय वाढदिवसाचा राहिलेला नाही आणि वाढदिवस सुधारून तो सुटणार नाही. तसंच वर्षभर तो तुमच्याकडे नीट बघतो, आजारपणात बसतो, पोरांचं करतो आणि फक्त या दोन तारखा चुकतात, की वर्षभरच असं आहे, हेही स्वतःला विचारा. पहिलं असेल तर वरचं सगळं तुमच्यासाठी आहे. दुसरं असेल तर दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जा, तो येत नसेल तर तुम्ही एकट्या जा. आणि असं काही बोलायचीच तुम्हाला भीती वाटत असेल, म्हणजे तो हात उचलेल किंवा घरातून काढेल अशी, तर यातलं एकही वाक्य एकटीने वापरून बघू नका, आधी माहेरच्या कुणातरी विश्वासाच्या माणसाशी किंवा १८१ या महिला हेल्पलाईनवर बोला.

त्याची शिफ्ट किंवा ऑफिसची वेळ, आणि तुमचा पुढचा वाढदिवस कधी आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो दोन महिन्यांपेक्षा जास्त लांब असेल तर येत्या एखाद्या रविवारी बोला. त्याहून जवळ असेल तर आधी फक्त ती लिहून काढलेली एक ओळ त्याला सांगा, 'यावर्षी मला एवढंच पाहिजे' म्हणून, आणि मागच्या वर्षाचं दुखणं तो दिवस होऊन गेल्यावर, आठ-पंधरा दिवसांनी बोला.